सारजाबाईनं फेकलेलं मटण

मी तेव्हा सोलापुरातल्या एका मिलच्या हापिसात कारकून होतो. मटणाचं नाव काढलं तरी चूळ भरणाऱ्या घरात माझा जन्म. तरीही आयुष्यात कुणापुढं मनापासून हात जोडले असतील, तर मटण रांधणाऱ्या सारजाबाईपुढं.

सारजाबाई होटगीची. नवरा रेल्वेत गँगमन होता, तो गेल्यावर तिनं स्टेशनातल्या साहेबी खानावळीत सात वर्षं चूल सांभाळली. तिथं मुंबईहून बर्फाच्या पेट्यांतून मासे यायचे, त्यामुळं बर्फाचा स्वभाव तिला सवतीसारखा ठाऊक होता. खानावळ बंद पडली आणि अडतीस सालच्या चैत्रात ती आमच्या मॅनेजरसाहेबांच्या बंगल्यावर एक महिन्याच्या बोलीनं लागली. स्वयंपाक पसंत पडला तर कायम, नाहीतर रस्ता सुधारायचा. लेक शाळेत चौथीत होती, आणि ती शाळा याच नोकरीवर चालली होती.

बंगल्याचं सगळं वैभव स्वयंपाकघरातल्या एका पांढऱ्या कपाटात साठलं होतं. ते घासलेटवर चालायचं. खाली दिवा जळतो आणि वर बर्फ होतो! निम्मं सोलापूर ते बघून गेलं, आणि निम्म्यातल्या निम्म्यांनी हात जोडले. वर हंड्याएवढा बर्फाचा कप्पा, खाली गार फळ्या. किल्ली असायची ईरप्पाकडं. ईरप्पा घरचा जुना कारभारी, अठरा वर्षं नोकरीत. जातीनं लिंगायत, मांसाला शिवायचा नाही. उचलायची वेळ आलीच तर चिमट्यानं, तेही तोंड फिरवून.

मुंबईहून तीन डायरेक्टर बुधवारी रात्री जेवायला येणार होते. आता आमच्या गावात बोकडं गल्लोगल्ली फिरतात. पण बाईसाहेबांना विलायती मटणाची हौस. त्यांनी मुंबईच्या बर्फखान्यातून ऑस्ट्रेलियाहून आलेली, दगडासारखी गोठलेली मेंढीची एक मांडी आणि चार पापलेटं मागवली. सारजाबाईनं हिशेब बांधला. मांडी जाड, ती सोमवारी रात्रीच बर्फाच्या कप्प्यातून काढून सगळ्यांत खालच्या फळीवर ठेवली, खोलगट परातीत, म्हणजे सुटलेलं पाणी दुसऱ्या कशावर पडायला नको. पापलेटं पातळ, ती बुधवारी पहाटे, कागदासकट, एकावर एक रचून.

मग बुधवारी सकाळी ती मसाला आणायला बाजारात गेली आणि घोटाळा झाला.

ईरप्पानं ताक काढायला कपाट उघडलं. परातीत गुलाबी पाणी, शेजारी त्याचं ताक! त्यानं शिवशिव म्हणत चिमट्यानं मांडी उचलली आणि परसातल्या बाजेवर नेऊन ठेवली. बाजेवर पापड वाळत होते. एका टोकाला पापड, दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलियाची मेंढी, दोघांवर एकच धोतराचं फडकं. ऊन म्हणजे सगळ्यात शुद्ध, शिवाय बर्फही लवकर सुटेल, असा त्याचा दुहेरी फायद्याचा विचार. वाजले होते नऊ.

साडेबाराला मी तार घेऊन बंगल्यावर पोचलो. पाहुणे बुधवारी येत नव्हते, रविवारी येणार होते. सारजाबाई नुकतीच परतली होती. तार ऐकली आणि तिनं आधी कपाट उघडलं.

"अण्णा, मांडी कुटं हाय?"

ईरप्पानं परसाकडं बोट केलं. सारजाबाई धावली, तिच्यामागं ईरप्पा, त्याच्यामागं कारण नसताना मी. ऊन असं की बाजेची दोरी हाताला भाजत होती. तिनं मांडी दाबली. वरून कोमट, बुळबुळीत. हाडाजवळ अजून टणक.

"आत बर्फ हाय की!" ईरप्पा खुशीत म्हणाला. "अक्का, पुन्हा वर ठेवू. रविवारपर्यंत दगड. कुणाला कळतंय?"

"आत बर्फ हाय, पर वर साडेतीन तास ऊन हाय. जे सडायचं ते वरनंच सुरू हुतं. बर्फात घातलं तर ते मरत न्हाय अण्णा, निजतंय. रविवारी उठंल."

"मग आत्ताच उकळू. खळाखळा."

"उकळून किडं मरत्याल, त्येंनी केलेलं इष न्हाय जात."

ईरप्पा ऐकेना. त्यानं मांडी चिमट्यात धरली आणि कपाटाकडं पळाला. सारजाबाई त्याच्या आधी पोचली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. साठीचा ईरप्पा डावीकडं जाई, ती डावीकडं. तो उजवीकडं, ती उजवीकडं. मांडी चिमट्यात झोके घेत होती. मी मध्ये पडायला गेलो आणि मांडीचा बुळबुळीत टोला माझ्या कानाखाली बसला. मी किंचाळलो. माझ्या सात पिढ्या किंचाळल्या. आणि मग आम्ही तिघंही असे हसत सुटलो की ईरप्पाच्या हातून चिमटाच गळला.

हसता हसता ईरप्पा रडायला लागला. "अक्का, अठरा वर्षं. बाईसाहेब मला ठेवतील का?"

सारजाबाईनं कपाट उघडलं. तिनं पापलेटं काढून बघितली. मध्ये अजून बर्फाचा करकरीतपणा होता आणि ती कपाटाच्या गारव्यातून क्षणभरही बाहेर गेली नव्हती. "ही चालत्याल," ती म्हणाली. "पुन्हा गोठवली की मासा जरा भुसभुशीत व्हईल, पर इषारी न्हाय हुणार. तळायला न्हाय, कालवणाला घेईन." तिनं कागद घट्ट गुंडाळून पापलेटं वर सरकवली. मग मांडी परसाच्या कोपऱ्यात कमरेएवढ्या खड्ड्यात पुरली, वर चुना टाकला, कुत्र्यांनीसुद्धा खाऊ नये म्हणून. हात राखेनं घासून धुतले, परात उकळत्या पाण्यानं, आणि सरळ बाईसाहेबांपुढं गेली.

"मटण म्या टाकलं. खराब झालंतं."

"कुणामुळं?"

"सैपाकघर माझं हाय. माझ्यामुळंच."

ईरप्पा दाराआड उभा होता, पुढं आला नाही. मला त्याचा असा संताप आला की सांगायची सोय नाही. आणि मी तरी काय बोललो? मी तारेची घडी घालत बसलो. बाईसाहेबांनी रविवारचं जेवण झालं की निघायला सांगितलं.

शनिवारी रात्री पापलेटं खालच्या फळीवर उतरली. रविवारी सकाळी बाजारातून ताजं बोकडाचं मटण आलं. पाहुण्यांनी कोकम घातलेल्या कालवणावर असा ताव मारला की एकानं धोतराची गाठ सैल केली. दुसऱ्या एका तारेचं उत्तर लिहून घ्यायला साहेबांनी मला बोलावलं होतं, म्हणून मी दारात उभा. थोरल्या पाहुण्यानं कुणी रांधलं विचारलं. बाईसाहेब म्हणाल्या, "आजचा तिचा शेवटचा दिवस. मुंबईचं मटण नासवलं तिनं."

भात वाढणारा ईरप्पा थांबला. पातेलं टेबलावर ठेवलं, फेटा काढून काखेत धरला. "तिनं नाही. उन्हात मी घातलं होतं. पापडाशेजारी. गपचूप परत गोठवणार होतो, तिनं दार अडवलं."

थोरल्या पाहुण्यानं सारजाबाईला आत बोलावलं. "आणि गोठवलं असतं तर काय झालं असतं?"

"काय न्हाय सायब. उद्या तुमी तिघं एका संडासाच्या दारात भांडत असता."

साहेब आधी हसले, मग पाहुणे, आणि शेवटी, नाइलाजानं, बाईसाहेबसुद्धा. त्यांनी ईरप्पाकडून कपाटाची किल्ली घेतली आणि सारजाबाईच्या हातात दिली. ईरप्पाची नोकरी राहिली. किल्ली गेल्याचा, म्हणजे मांसापासून सुटल्याचा, आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता.

स्वयंपाकघराच्या पायरीवर सारजाबाई मटकन बसली. हसत होती, डोळे पुसत होती, दोन्ही एकदम. मी विचारलं, "आता रडतेस का?"

"रावसाब, चार दिस झालं, नोकरी गेली ह्ये म्या लेकीला सांगितलंच न्हवतं. रोज सकाळी तिची येणी घालून शाळंत धाडत हुते."