सुनेचा फेरतपास

बायकोसोबत मी शेवटचं साधं काम केलं ते तांदूळ निवडायचं. कोंढ्याला आमच्या घरच्या सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, बसलो होतो. तिच्या मांडीवर सूप, माझ्यापुढं परात, आणि सून उंबऱ्यावर कागद घेऊन.

सून वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. भंडाऱ्याच्या कॉलेजात त्यांची एक परीक्षा असते, तिच्यात खटला चालवून दाखवावा लागतो. गुन्हा कागदावरचा, बाकी सगळं कोर्टासारखं. वर्गातले साक्षीदार एकमेकांना सांभाळून घेतात, म्हणून या वर्षी मॅडमनं सांगितलं होतं की साक्षीदार घरून आणा. तो साक्षीदार मी. आणि बायको रोज समोरच्या पक्षाची वकील होऊन मला छळायची.

"किती अंतरावून पायलं तुमी?"

"मी तलावाच्या पाळीवरून येत होतो, बैल पुढं गेला होता—"

"बैल कोनं विचारला जी? अंतर विचारलं!"

"तीस पावलं."

"हां. तेवढंच बोला."

सून हसत म्हणाली, "मामीजी, परीक्षा तुम्हीच द्या."

"मी देल्ली असती तं मागच्याच साली पास झाली असती."

दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर सुनेला लागलं असतं. मागच्या वर्षी ती याच परीक्षेत नापास झाली होती. आधी आपला वकील साक्षीदाराला विचारतो, तो सरतपास. मग समोरचा वकील त्याला झोडपतो, तो उलटतपास. त्यात जे खराब झालं ते आपल्या वकिलानं पुन्हा उभं राहून दुरुस्त करायचं, तो फेरतपास. मागच्या वर्षी सुनेनं फेरतपासात सगळी गोष्ट पहिल्यापासून पुन्हा विचारली, तेव्हा परीक्षकानं तिला मधेच बसवलं होतं. यंदा चिठ्ठ्या टाकल्या तर तिच्या वाट्याला पुन्हा फेरतपासच आला. याही वेळी नापास झाली असती तर सनद आणखी एक वर्ष लांब.

तांदूळ निवडल्याच्या तिसऱ्या दिवशी बायकोच्या छातीत दुखलं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही.

परीक्षा वीस दिवसांवर आली तेव्हा मी सुनेला सांगितलं, माझ्यानं होणार नाही. ती म्हणाली, "राहू द्या मामाजी, दुसरं कोणी बघते." एवढंच बोलून कणीक मळायला लागली. मी दोन दिवस बघितलं. कागद फडताळावर तसेच पडले होते. तिसऱ्या दिवशी म्हटलं, येतो.

कॉलेजच्या एका खोलीत टेबलं लावून कोर्ट केलं होतं. बाहेरून आलेले एक म्हातारे वकील परीक्षक, तेच न्यायाधीश. सरतपास सुनेच्या जोडीदारणीनं घेतला, तो नीट झाला. कागदातली गोष्ट अशी, की तलावाच्या पाळीवर मासे धरण्यावरून भांडण झालं आणि एकानं दुसऱ्याला काठीनं मारलं. काठीवाला माणूस मी पाहिला, असं मी सांगितलं.

मग समोरचा विद्यार्थी उठला. चाळिशीचा, साकोलीला कापडाचं दुकान चालवणारा. गिऱ्हाईक दुकानातून सुटू द्यायचं नाही अशा बेतानं बोलायचा.

"पोलिसांना जबाबात तुम्ही सांगितलं, 'पाळीवर दोन माणसं दिसली.' बरोबर?"

"हो."

"आज म्हणता, एक माणूस पाहिला."

"अहो, ते—"

"हो की नाही?"

"हो."

"तेव्हा अंधार पडत होता?"

"पडत होता."

"या साक्षीची तयारी कोणी करून घेतली?"

मला खोटं बोलता येत नाही. म्हटलं, "माझ्या बायकोनं."

"रोज?"

"रोज."

"म्हणजे तिनं शिकवलं तसं तुम्ही आज बोलून राहिले."

"हो, तिनंच शिकवलं."

"आणखी प्रश्न नाही," म्हणून तो बसला. मागच्या बाकावर कोणी हसलं. मला तेव्हा कळलं मी काय करून ठेवलं ते. सुनेची परीक्षा बुडवली ती बुडवली, शिवाय गेलेल्या बाईनं खोटं शिकवलं असं भर खोलीत लिहून घेतलं गेलं.

सून उठली. आधी ती परीक्षकांना म्हणाली, "या जबाबातली एक ओळ समोरच्या वकिलांनी वाचली. तिच्या लगतची ओळ वाचायची परवानगी मागते."

दुकानदारानं हरकत घेतली, की पोलिसांचा जबाब असा वापरता येत नाही. परीक्षक म्हणाले, "त्यातला भाग तुम्ही काढला. आता तोच मुद्दा उलगडण्यापुरता त्यांनाही काढता येतो. तेवढ्यापुरताच."

सुनेनं वाचलं, "'एक जण खाली पडला होता, दुसऱ्याच्या हातात काठी होती.'" मग मला विचारलं, "पोलिसांना दोन माणसं सांगितली आणि इथं एक. असं का?"

"दिसले दोघं. इथं काठीवाल्याचं विचारलं. काठीवाला एकच होता."

खोलीतलं हसणं थांबलं. मग सुनेची चूक झाली. घाईत म्हणाली, "तुमच्या पत्नीनं तुम्हाला खोटं शिकवलं नव्हतं ना?"

"हरकत! सूचक प्रश्न आहे. उत्तर वकीलच देत आहेत."

"मान्य," परीक्षक म्हणाले.

मला वाटलं, झालं, बसवतात आता हिला. पण ती घाबरली नाही. माझ्याकडं सरळ पाहून म्हणाली, "उलटतपासात तुम्ही सांगितलं की पत्नीनं शिकवलं. काय शिकवलं?"

बस, एवढाच प्रश्न. उत्तराचा एक शब्द तिनं त्यात टाकला नाही.

मी म्हणालो, "तिनं सांगितलं, विचारलं तेवढंच बोला. नाही दिसलं तं नाही दिसलं म्हना. आठवत नसन तं आठवत नाही म्हनाची लाज धरू नोका. काय पाहिलं ते तिनं नाही शिकवलं. ते तिले माहीतच नोयतं."

परीक्षकांनी लिहिताना मान हलवली. मी वाट पाहत होतो, आता अंधाराचं विचारेल म्हणून. ती म्हणाली, "फेरतपास संपला," आणि बसली.

नंतर परीक्षकांनी तिला सगळ्यांसमोर सांगितलं, "एक प्रश्न चुकला, पण तुम्ही तो जागेवर सुधारला. आणि जो विचारला नाही, त्याचे मार्क मी वेगळे देतो. पास आहात."

बसमध्ये मी तिला विचारलं, "अंधाराचं काहून सोडलं?"

"मामाजी, कागदात उजेडाबद्दल एक अक्षर नाही. विचारलं असतं तर तुम्ही काय म्हटलं असतं?"

"अंधारच होता म्हटलं असतं."

"म्हणूनच तर नाही विचारलं!"

मी चाळीस वर्षं शेती केली. औत कुठं थांबवायचं ते मला कळतं, पण बोलणं कुठं थांबवायचं ते या पोरीकडून पाहिलं. एकदा चुकल्यावर पुन्हा तिनं उत्तर माझ्या तोंडात कोंबलं नाही. मला माझं बोलू दिलं. बायको गेल्यापासून तिच्याबद्दल मी कोणाशी बोललो नव्हतो. लोक भेटायला यायचे, मी मान खाली घालून बसायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी करडीला गेलो, बायकोच्या मोठ्या बहिणीकडं. बहीण गेल्यापासून तिला मी तोंड दाखवलं नव्हतं. ती धानाच्या पोत्याजवळ बसली होती.

"काहून आले जवाईबापू, एवढ्या सकाळी?"

"तुमच्या बहिणीबद्दल बोलाले आलो," मी म्हणालो, आणि तिच्या बाजूला जमिनीवर बसलो.