राणीने न घेतलेली उडी

परवा गडाच्या बुरुजावर एक बाई दगडाला हळदकुंकू वाहत होत्या. "इथूनच राणीसाहेबांनी घोड्यासकट उडी घेतली," त्या लेकीला सांगत होत्या. डोळे भरून आले होते.

राणीवरच्या ज्या टीव्ही मालिकेत ही उडी दाखवली, तिची मी इतिहास सल्लागार होते. ती उडी लेखकांच्या बैठकीत जन्मली. मी हरकत घेतली, तेव्हा प्रत्येक भागाआधी 'काही प्रसंग काल्पनिक' अशी पाटी आली, वाचून होण्याआधीच निघून जाणारी.

मला राहवेना. "ताई, त्या काळच्या एकाही पत्रात उडी नाही. पुष्कळ नंतर लिहिलेल्या बखरीतही नाही. वेढ्यात धान्य संपलं, तेव्हा आतल्या माणसांसाठी अभय मागून राणीने गड खाली केला. पत्रं एवढंच सांगतात."

"म्हणजे शरण गेल्या?" बाईंचा आवाज चिरकला. "लेकरांपुढे असं बोलू नका हो!"

"पण माणसं वाचली, ताई."

त्या लेकीचा हात धरून निघून गेल्या.

मी तिथेच बसले. गड सोडताना राणीच्या आत काय तुटलं असेल, हे कुठल्याच कागदात नाही. ते मलाही सांगता येत नाही, आणि त्या रिकाम्या जागेत तो घोडा शिरला आहे. तिला तिचं खरं दुःख कोण परत देणार?

मागून नवा घोळका आला. "मॅडम, जरा बाजूला व्हा," वाटाड्या म्हणाला, "उडीची जागा दाखवायचीय."

मी बाजूला झाले.