धाडशील का?

उघड्यावरच्या माणसाला लांब वाक्य ऐकू येत नाही. हे मला चोपड्याच्या आठवडे बाजारानं शिकवलं. जळगावहून आमचं पथनाट्याचं टोळकं पहिल्यांदा तिथं गेलं, तेव्हा मी लिहिलेली सुंदर सुंदर वाक्यं भाजीवाल्यांच्या ओरड्यात वाहून गेली. मला रडू आलं, आणि रागही. घरी येऊन सगळं फाडलं आणि नव्यानं लिहिलं. एका श्वासात एक ओळ. ‘कदाचित’, ‘परंतु’ हद्दपार. महत्त्वाचा शब्द शेवटी, आणि शक्यतो ‘आ’नं संपणारा, म्हणजे तोंड उघडं राहतं आणि आवाज लांब जातो. ओळ एका बाजूला तोंड करून म्हणायची, कोरसनं तीच उरलेल्या बाजूंना फेकायची. एसटीचा हॉर्न वाजला तर थांबायचं. एसटीशी स्पर्धा कोण करणार?

नाटक सुनांना जाळण्यावर होतं. त्या काळात पेपरात दर थोड्या दिवसांनी स्टोव्ह भडकायचा, आणि भडकायचा तो नेमका सुनेच्याच हातात. जळालेल्या सुनेचं काम माझ्याकडे होतं, म्हणजे शेवटी पांढऱ्या चादरीखाली उन्हात पडून राहायचं. माझ्याभोवती कोरस फिरायचा. डफावर थाप पडायची.

‘पोर कुणाची?’

‘आबाची!’

‘जाळली कुणी?’

‘स्टोव्हनं म्हणा!’

‘हिची बहीण उरली! आखाजीला माहेरी आली! आबा, तिला धाडशील का?’

मग डफ बंद. ही शांतता मी मुद्दाम लिहिली होती. गर्दीला आपल्याच छातीची धडधड ऐकू यावी इतकी. तेवढ्यात धोतर-टोपी घालून गर्दीत बसवलेला आमचाच एक नट उठायचा, ‘धाडाले लागीन! लोक काय म्हनतीन?’ लोकांना आधी तो खराच म्हातारा वाटायचा. तो गोलात आला की हशा पिकायचा. गर्दीतून येईल ती ओळ कोरसनं उचलायची, हा आमचा नियम. नाहीतर मागच्यांना कळत नाही.

त्या वर्षी आखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया, नुकतीच झाली होती. झोके खेळून झालेल्या लेकी सासरी परतत होत्या, चोपड्याच्या एसटी स्टँडवर ही गर्दी. प्रयोग नेहमीसारखा चालला. प्रश्न आला, शांतता झाली, म्हातारा बोलला, हशा झाला. मग दुसरा आवाज आला.

‘आबा, माले बी नका धाडू. माले मारी टाकतीन.’

कोरसनं सवयीनं ओळ उचलली आणि चारी दिशांना फेकली. ‘माले बी नका धाडू!’ टाळ्या पडल्या. कुणी म्हणालं, ‘काय काम करस पोरगी!’

मी चादरीखाली होते, मला काही दिसत नव्हतं. पण ऐकलं होतं. त्या आवाजानं ओळीचा शेवट गिळला होता. आमच्यातल्या कुणीही तो गिळला नसता. मी चादर फेकून उठले. प्रेत उठलं म्हणून लोक आणखी हसले. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

गर्दीबाहेर एक माणूस मुलीचा हात धरून एसटीकडे चालला होता. हिरव्या लुगड्यातली पोर, माझ्याच वयाची. मी धावत गेले. ‘आबा, ती खरं बोलतेय. तिला माहेरी परत न्या.’

त्यांनी माझ्या तोंडावरचा काळा रंग पाहिला. ‘नाटक शे ते, बाई. बठ्ठा लोके हासनात.’

पोरीनं मान वर केली नाही. एसटी सुटली. ती कुठल्या गावाची, तेही मला कळलं नाही.

पुढच्या आखाजीनंतर आम्ही पुन्हा त्याच जागी रिंगण आखत होतो. तेच आबा आले. खूप वाळले होते. माझ्याजवळ उभे राहून म्हणाले, ‘मन्ही पोर गई. स्टोव्ह भडकना सांगतस.’ मग म्हणाले, ‘तो सवाल माले इचारा. गर्दीमा नही. आठे, मधमा.’ आणि रिंगणाच्या मधोमध बोट दाखवलं.

कुणी नाही म्हणू शकलं नाही. मी चादरीखाली गेले. डफ वाजला. ‘हिची बहीण उरली! आबा, तिला धाडशील का?’

शांतता झाली. ती या वेळी मी लिहिलेली नव्हती.

‘नही धाडसू,’ आबा म्हणाले. ‘मी नही धाडसू.’

पुढे बसलेल्यांना तो आमचा नटच वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. कोरसनं ओळ उचलायची होती, पण कुणाच्याच गळ्यातून आवाज निघाला नाही. मागे उभी असलेली माणसं ओरडत राहिली, ‘काय म्हने तो? आयकू नही उनं!’