टिंबकाका आणि जिराफचे हेडर

टिंबकाकांना टिंबकाका कुणी म्हणायला सुरुवात केली ते आता क्लबात कुणालाच आठवत नाही. कारण मात्र शेंबडं पोरही सांगेल. या माणसाचा उद्योगच टिंबं ठेवण्याचा. मुलींचा फुटबॉल संघ मैदानावर घाम गाळतो, आणि काका कपडे धुण्याच्या खोलीला लागून असलेल्या कोंदट खोलीत बसून सामन्याचं चित्रीकरण बघतात. कुणी गोलवर फटका मारला की चित्र थांबवायचं, चेंडू जिथून सुटला तिथे मैदानाच्या नकाशावर टिंब ठेवायचं, कशाने मारला, पायाने की डोक्याने, ते भरायचं आणि पुढे जायचं. भिंतीपलीकडे वॉशिंग मशीन गरगरतंय, इकडे काकांची टिंबं चालू. तरुणपणी ते स्वतः गोलकीपर होते, आणि उजव्या हाताची करंगळी तेव्हा जी वाकडी झाली ती झालीच. "पूर्वी चेंडू अडवायचो, आता मोजतो," असं म्हणून स्वतःच हसतात. विनोद सगळ्यांना पाठ आहे, तरी लोक हसतात, कारण माणूस गोड आहे.

संघात नवीन पोरगी आली की काका तिला धरून शिकवणी घेणारच. टेबलावर पाण्याच्या दोन बाटल्या ठेवायच्या. हे गोलचे खांब. मग तिला समोर उभं करायचं. "किती दिसतं?" "भरपूर." मग टेबलाच्या कोपऱ्याकडे सरकवायचं. "आता?" "फट दिसते काका." "बास! झालं तुझं शिक्षण." समोरून दार उघडं, बाजूने नुसती फट, आणि लांब गेलीस तर दारच बारकं. आजवर मारलेल्या हजारो फटक्यांवरून संगणक सांगतो, की अशा जागेवरून, अशा कोनातून शंभरातले किती आत गेले. त्याला म्हणायचं अपेक्षित गोल. एका संधीचे पस्तीस शतांश, दुसरीचे पाच, अशी वर्षभराची बेरीज केली की कळतं, साधारण खेळाडूने एवढ्या संधींतून किती गोल केले असते.

"आणि कशाने मारला, ते महत्त्वाचं बरं का," काका बोट नाचवत सांगतात. "गोलसमोर सात मीटरवरून पायाने मारलेले शंभरात पस्तीस गेले, तर तिथूनच डोक्याने मारलेले, म्हणजे हेडर, पंधरासुद्धा जात नाहीत. चेंडू हवेतून येणार, अंगावर कुणीतरी चढलेलं, आणि ताकद काय तर मानेची! गोलकीपर होतो मी, मला विचार."

या देवमाणसाला एकच खोड. 'आकडा खोटं बोलत नाही,' हे वाक्य ते उठता-बसता ऐकवायचे. काकू त्यावर म्हणायच्या, "हो का? मग सकाळी वजनकाट्यावर उभे राहता तेव्हा काटाच कसा बिघडलेला असतो?" काका चहाच्या कपात तोंड घालायचे.

तर या वर्षी आकडा म्हणत होता, की जिराफ संधी वाया घालवते. जिराफ म्हणजे संघातली सगळ्यात उंच पोरगी, आघाडीला खेळणारी. सामना संपल्यावर सगळ्या मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसतात, तेव्हा जाळ्यातले चेंडू उचलून आणणारी ही एकटी. काकांची लाडकी. पण अपेक्षित गोल बारा, आणि प्रत्यक्ष गोल सहा! लाड आपल्या जागी, अहवाल अहवालाच्या जागी. काका दर महिन्याला मान खाली घालून तो कोच बाईंच्या हातात द्यायचे. हंगामाचा शेवटचा सामना तोंडावर आला. जिंकलो तर या गटात राहू, नाहीतर खालच्या गटात. आणि कोच बाईंनी जाहीर करून टाकलं, की जिराफ त्या दिवशी बाकावर बसेल आणि पुढच्या हंगामात संघात नसेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिराफ काकांच्या दारात उभी. दारात म्हणजे वाकून, कारण चौकट तिला पुरत नाही.

"काका, मला माझे फटके दाखवा."

"कशाला गं जिवाला त्रास करून घेतेस?"

"बाकावर बसायचं तर बसेन. पण माझं काय चुकलं ते तरी कळू दे. मी खरंच इतकी बावळट आहे का?"

तिचे डोळे भरून आले होते. काकांनी दुसरी खुर्ची ओढली आणि पहिला फटका लावला. बाजूने उंच चेंडू आला, जिराफ उडाली, प्रतिस्पर्धी संघाची धिप्पाड बचावपटू तिच्या खांद्यावर लोंबकळली, चेंडू कपाळाला लागून गोलच्या आडव्या बारवरून गेला. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता, अडतीस शतांश.

"अडतीस?" जिराफ खुर्चीतून उठलीच. "अहो काका, ती बया माझ्या पाठीवर बसली होती!"

काका चष्मा पुसून परत बघू लागले. त्यांच्यातला जुना गोलकीपर आत कुठेतरी कुरकुरायला लागला. असला हेडर आला असता तर त्यांनी जागचं न हलता झेलला असता. हा अडतीसचा कसा? दुसरा फटका. तोही हेडर, आकडा चौतीस. तिसऱ्याला तेच. काकांनी फटक्यांचा तक्ता उघडला आणि उजवीकडे सरकवला, जिथे कशाने मारला तो रकाना असतो. पाय. पाय. पाय. खालपर्यंत पायच पाय.

"अगं, यात तू वर्षभरात एकही हेडर मारलेला नाहीस!"

"मी हेडरशिवाय दुसरं मारलंय काय काका?"

पण काकांना तर पक्कं आठवत होतं. प्रत्येक हेडरला त्यांनी डोक्याचं बटण दाबलं होतं. त्यांनी एक फटका परत नोंदवून बघितला, अगदी सावकाश. टिंब ठेवलं, मग डोक्याचं बटण दाबलं. रकान्यात आपलं पायच. आणि मग त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. जुन्या प्रोग्राममध्ये आधी टिंब, मग अवयव. हंगामाच्या सुरुवातीला नवा प्रोग्राम आला, त्यात क्रम उलटा. आधी अवयव निवडायचा, मग टिंब. टिंब पडलं की नोंद बंद, आणि काही निवडलं नसेल तर तो गडी आपणहून पाय लिहून मोकळा. नंतर दाबलेलं बटण वाऱ्यावर. सगळ्यांना हे शिकवायला कंपनीचा माणूस आला होता, तेव्हा काका म्हणाले होते, "मला काय शिकवणार? माझी बोटं झोपेतसुद्धा टिंब ठेवतात." ठेवलीच की झोपेत!

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पोरी, चूक तुझी नाही गं. माझी आहे." एवढं म्हणून त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

जिराफने आधी त्यांच्याकडे रागाने बघितलं, चांगलंच रागाने. मग नाक ओढलं आणि खुर्ची जवळ घेतली. "रडताय काय, चला, दुरुस्त करू." ती एकेक फटका बघून सांगू लागली, "डोकं. डोकं. पाय. डोकं," आणि काका भरू लागले. पलीकडचं मशीन कधी थांबलं ते दोघांनाही कळलं नाही. संघातल्या बाकीच्या मुलींचे आकडे जरासे हलले, पण त्या हेडर मारतात कुठे? जिराफची बाराची बेरीज मात्र घसरत घसरत सहाच्याही किंचित खाली आली. गोल सहा. म्हणजे पोरगी संधी वाया घालवत नव्हती, उलट मिळेल त्याचं सोनं करत होती.

कोच बाई म्हणजे जमदग्नी. पण काका तक्ता घेऊन स्वतः गेले, जिराफला बाहेर थांबवून. सगळं सांगितलं, काही झाकलं नाही.

"काका, अख्खा हंगाम मी त्या पोरीला शिव्या घातल्या, तुमच्या जिवावर!"

"आता मला घाला."

बाईंनी घातल्या. दाराबाहेर जिराफला सगळ्या ऐकू आल्या, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. मग बाई नकाशावरची टिंबं बघू लागल्या. गोलसमोर सगळी हेडरची गर्दी, पायाने मारलेलं क्वचित एखादं.

"आपणच शहाणे," त्या शेवटी म्हणाल्या. "पोरगी उंच, म्हणून आपण तिला उंचच चेंडू देतो. सगळ्या कच्च्या संधी तिच्या माथी मारतो आणि वर म्हणतो, गोल कर. जागा तीच ठेवू, चेंडू जमिनीवरून देऊ. पायाला." मग दाराकडे तोंड करून ओरडल्या, "जिराफ, ऐकतेयस ना? उद्यापासून सराव. बाकावर बसायची हौस असेल तर पुढच्या जन्मी!"

शेवटच्या सामन्याला काका गॅलरीत लॅपटॉप घेऊन बसले. कानात इअरफोन, त्यात कोच बाईंचा आवाज, शेजारी काकू. काकूंना फुटबॉलातलं फारसं कळत नाही, पण जिराफसाठी घसा फोडायला कळायला कशाला लागतं? सामना बरोबरीत अडकला होता. शेवट जवळ आला तशी काकांची वाकडी करंगळीसुद्धा घामाने ओली झाली. तेवढ्यात उजव्या बाजूची पोरगी चेंडू घेऊन पार मागच्या रेषेपर्यंत गेली. हंगामभराच्या सवयीने तिने मान वर केली, आता उंच मारणार, असं वाटलं, आणि तिने चेंडू जमिनीवरून मागे सरकवला. गोलसमोर सात मीटरवर जिराफ. मोकळी! दार सताड उघडं! तिने पाय जोरात फिरवला, आणि चेंडूने नेमकी तेव्हाच उसळी खाल्ली. पाय फिरला हवेत, चेंडू आदळला गुडघ्यावर, आणि गोलकीपर उजवीकडे पडलेली असताना डावीकडून आत गेला.

गोल! गॅलरी उठून नाचायला लागली. काकूंनी शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारली. कानात कोच बाई किंचाळत होत्या, "पायच ना काका? पायच होता ना?"

"नाही मॅडम. गुडघा."

आणि मग अख्ख्या हंगामात कुणी ऐकलं नव्हतं ते ऐकू आलं. कोच बाई खो खो हसत होत्या.

खाली जिराफ सगळ्यांच्या मिठ्या सोडवून गॅलरीपर्यंत धावत आली. स्वतःच्या गुडघ्यावर हात आपटून ओरडली, "काका! या वेळी नीट भरा!"

"अहो, पोरगी हाका मारतेय, उठा की!" काकूंनी दंड ओढला.

"थांब गं जरा." काकांनी डोळे पुसले, चष्मा लावला. पडद्यावर तीन बटणं, पाय, डोकं, इतर. इतर हे बटण त्यांनी आयुष्यात कधी दाबलं नव्हतं. आधी ते दाबलं. मग टिंब ठेवलं. मग तक्ता उजवीकडे सरकवून रकाना बघितला, परत एकदा बघितला. इतर.

आणि मग लॅपटॉप काकूंच्या मांडीवर टाकून टिंबकाका नाचले.