कवळीआडचा नमस्कार

बावीस वर्षं एकाच दारात बसून एकच शब्द बोलायचा आणि तो कुणाला शिळा वाटू द्यायचा नाही, हे काही खायचं काम नाही. त्या पाच मजली ऑफिसच्या दारातले काका मात्र ते हसतहसत करत. सकाळी दोनशे माणसं आत यायची आणि प्रत्येकाला काकांचा ‘नमस्कार’ मिळायचा. घाईतल्याला तो आखूड आणि वर चढणारा मिळे, दुखऱ्या गुडघ्याच्या पोस्टमनला लांबवलेला. आणि उशिरा येणाऱ्याला सरळ डोळ्यांत बघून मिळे. भिंतीवरच्या घड्याळाकडे काका चुकूनही बघत नसत. आधीच धापा टाकत आलेल्या माणसाला आणखी कशाला टोचायचं?

मग बायकोने हट्टाने कवळी बसवून आणली. तोंडात चारच दात उरले होते, तेही एकमेकांशी अबोला धरल्यासारखे. नवे दात पांढरेशुभ्र होते, पण पहिल्याच सोमवारी साहेब आत आले, काका तोंडभर हसले आणि वरची कवळी खटकन रजिस्टरवर पडली. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून त्यांनी ओठ मिटून घेतले. ‘नमस्कार’ तोंडातल्या तोंडात, सपाट, शेवटाला खाली आपटणारा. ओठांचे कोपरे जेमतेम ताणले जायचे; गाल वर चढत नव्हते, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडत नव्हत्या. शब्द संपताच जिभेने कवळी वर दाबायची, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मान वळवायची. मान वळायची ती नेमकी घड्याळाच्या भिंतीकडे.

तिसऱ्या मजल्यावरच्या हिशेबनीसबाई घरी तान्हं बाळ ठेवून यायच्या, रोज दहा मिनिटं उशिरा. अर्धं हसू, थंड आवाज आणि मग घड्याळ! आठवडाभर त्यांनी सोसलं, मग तडक साहेबांकडे गेल्या. “काका मला रोज टोमणा मारतात.”

साहेबांनी काकांना बोलावलं. “काय बोललात त्यांना?”

“नमस्कार म्हणालो, साहेब.”

“तोच तर मलाही हल्ली लागतो. मी समोर उभा असतो आणि तुम्ही दुसरीकडेच बघता. अजून आठ दिवस बघतो. नाहीतर मागच्या फाटकावर बसा. तिथे नुसता माल येतो.”

काका दारात परतले. खोक्यांना नमस्कार करत म्हातारपण काढायचं? ते घरी कुणाशी बोलले नाहीत. बायको म्हणाली, “दात आले आणि माणूस हरवला.”

गाठ सोडवली ती टेलिफोनवाल्या ताईंनी. त्या जन्मापासून अंध होत्या, दिवसभर हेडफोन लावून सगळ्या ऑफिसचे फोन जोडत. सातव्या दिवशी टेबलापाशी थबकून त्या म्हणाल्या, “काका, माझ्यावर रागावलात का?”

“छे हो! आणि माझा चेहरा तुम्हाला कुठे दिसतो?”

“दिसायला कशाला हवा? माणूस हसला की ओठ पसरतात, आवाज उजळतो. फोनवर मला लगेच कळतं. तुमच्या आवाजातलं हसू गेलंय. शब्द तोच आहे, पण दार लावून घेतल्यासारखा येतो.”

काकांना भरून आलं. त्यांनी खालच्या आवाजात कवळीचं सगळं सांगितलं. ताई एवढ्या हसल्या की हातातली काठी पडली. “अहो, मग काढून टाका की ती! लोकांना तुमचे दात थोडेच हवे होते?”

आठव्या दिवशी साहेब खांबापाशी हाताची घडी घालून उभे राहिले. काकांनी कवळी डबीत घातली, डबी खणात सारली आणि दाराकडे बघत बसले. बरोबर दहा मिनिटं उशिरा हिशेबनीसबाई आल्या, मान खाली घालून, टोमण्याच्या तयारीने.

“नमश्काऽऽर!”

बाईंनी दचकून वर पाहिलं. समोर तेच चार दात, कानापर्यंत गेलेले ओठ, वर चढलेल्या गालांत बुडालेले आणि तरी त्यांच्यावरच खिळलेले दोन डोळे. घड्याळ बिचारं एकटंच टिकटिकत होतं. बाई खुदकन हसल्या, मग त्यांचे डोळे पाणावले. “काका, बाळ रात्रभर झोपलं नाही हो.”

“म्हणूनच तर विचारतोय,” काका म्हणाले. त्यांनी काहीच विचारलं नव्हतं, तरी बाईंना ते पटलं.

साहेब खांबापासून हलले. टेबलासमोरून जाताना त्यांनीच आधी नमस्कार केला आणि काकांच्या उत्तरासाठी थांबलेही. मागच्या फाटकाचं नाव पुन्हा निघालं नाही.

मागून काठी टेकत ताई येत होत्या. काकांनी त्यांनाही तो शब्द दिला. ताई जागीच थांबल्या आणि आवाजाच्या दिशेला तोंड करून म्हणाल्या, “आलात होय परत? कुठे गेला होतात इतके दिवस?”