पहिल्या मजल्यावरच्या शिवणकामाची परवानगी

अर्ज सोमवारी आला. फुलस्केप कागद, डावीकडे समास, वर ‘प्रति’, खाली ‘विषय : राहत्या घरात शिवणकाम करण्याची परवानगी मिळणेबाबत’. अर्जदार माझ्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर, माझ्याच दुसऱ्या घरात भाड्याने राहत होती. मी दुसऱ्या मजल्यावर. आमच्यात अठरा पायऱ्या होत्या, आणि त्या चढून येऊन तिने कागद हातात दिला.

“ताई, तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं.”

“तोंडी न्हाई, सर. तोंडी माणूस आज हाव म्हणतंय, उद्या म्हणतंय मी कधी म्हणलो?”

ती अहमदपूरजवळच्या एका खेड्यातली. नवरा वारल्यावर मुलीला घेऊन लातूरला आली होती. मुलगी यंदा दहावीत जाणार होती. बाजारातला एक गणवेशाचा दुकानदार पुढच्या सोमवारी कापड वाटणार होता. शाळेचे शर्ट आणि फ्रॉक घरी नेऊन शिवायचे, जूनच्या आत परत द्यायचे. ज्या बाईला बसून शिवायला स्वतःची जागा आहे तिलाच कापड मिळणार होतं. मागच्या वर्षी कुणाच्या तरी घरमालकाने मशीन जिन्यात काढून ठेवली आणि या दुकानदाराचे चाळीस फ्रॉक अडकले, तेव्हापासून तो घरमालकाची चिठ्ठी मागत असे. चिठ्ठी मिळाली नाही तर तिला गावी परत जावं लागणार होतं. गावच्या विहिरीत पाणी नव्हतं आणि गावात दहावीचा वर्ग नव्हता.

ही गोष्ट शहरात रेल्वेने पाणी आलं त्या वर्षीची आहे. शिकवण्यांसाठी आलेली मुलं लवकर गावी परतली होती. आमच्या गल्लीतली दोन वसतिगृहं रिकामी पडली होती आणि दोऱ्यांवर विसरलेले टॉवेल तसेच वाळत होते. नळ उघडला की आधी एक लांब उसासा यायचा, मग काहीच यायचं नाही. लोक तरीही रोज नळ उघडून पाहत.

मी एका स्थानिक दैनिकात जिल्ह्याच्या पानावर होतो. आमचा नियम साधा होता : दोन ठिकाणांहून दुजोरा मिळाल्याशिवाय ओळ छापायची नाही. घरीही माझं तसंच चालायचं. भाडेकरार अकरा महिन्यांचा होता आणि त्यात ‘फक्त राहण्यासाठी’ असं कलम होतं. सोसायटीच्या नियमांत इतर वापरासाठी कमिटीची लेखी संमती लागत होती. शिवाय मीटरचा प्रश्न होता. हे सगळं तपासायचं होतं, म्हणून मंगळवारी मी तिला पोच दिली. सवयीने लिहिलं : ‘आपला अर्ज विचाराधीन आहे.’

तिने चिठ्ठी वाचली आणि तोंडाला पदर लावून हसली.

“उदगीर जिल्हा बी विचाराधीनच हाय की, सर. माझं लगीन व्हायच्या आधीपासून.”

नव्या जिल्ह्याची बातमी तेव्हा दर काही महिन्यांनी माझ्या टेबलावर यायची. मीच तिला मथळा द्यायचो. तरी तिचं बोलणं मी थट्टा म्हणून घेतलं आणि कामावर गेलो.

बुधवारी वीज कंपनीच्या कार्यालयात विचारलं. घराच्या एका भागात छोटं काम असेल आणि महिन्याची युनिटं ठरलेल्या मर्यादेत राहिली, तर मीटर घरगुतीच राहतो, असं तिथल्या लिपिकाने सांगितलं. दरांच्या पुस्तकातलं पान काढून दाखवलं. संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेलो. तळमजल्यावर राहणारे हे गृहस्थ निवृत्त आडतदार. कपाळाला भस्म, गळ्यात इष्टलिंग. सगळी इमारत त्यांना अप्पा म्हणे.

“परवानगी कसली मागते?” अप्पा म्हणाले. “काम तर कधीच सुरू केलंय तिनं.”

“कुणी सांगितलं?”

“कानांनी सांगितलं. रोज भर दुपारी मशीन वाजून राहिलीय. पंधरा दिवस झाले. पत्रकार तुम्ही, अन् तुमच्याच खालच्या घरातली बातमी तुम्हाला न्हाई!”

दुपारी मी कचेरीत असे. पण हे खरं असेल तर अर्ज खोटा होता आणि कराराचा भंग आधीच झालेला होता. कमिटी संमती देणार नव्हती, मीही देऊ नये. एक दुजोरा झाला होता. दुसरा मी स्वतः घ्यायचं ठरवलं.

गुरुवारी रजा टाकली. बाराच्या सुमारास जिना उतरू लागलो. इमारतीत कुणी बोलत नव्हतं. पहिल्या मजल्याच्या वळणावर तो आवाज ऐकू आला. खटखटखटखट, थांबा. खटखट, थांबा. पुन्हा लांब. शिवणयंत्र, यात शंका वाटली नाही. मी दार वाजवलं. दार उघडताच आवाज थांबला.

खोलीत मशीन नव्हती. एक चटई, मुलीची पुस्तकं, कोपऱ्यात चार भरलेल्या घागरी, त्यांवर ताटल्या. खिडकीजवळ फरशीवर खडूने चार ठिपके काढलेले होते.

“मशीनचे पाय,” ती म्हणाली. “कुठं मावंल ते बघून ठेवलंय.” मग माझ्याकडे पाहून हळू आवाजात, “तुम्हाला बी ऐकू आलं ना?”

“मशीन कुठे आहे?”

“गावाकडं. कुलपात. सासूबाईंची हाय, पायडलची. त्या गेल्यापासून कुणी हात लावला न्हाई.”

मुलगी पुस्तकातून मान वर करून म्हणाली, “मला वाटतं आजी आलीय शिवायला.”

“गप गं. आजीचं न्हाई ते.” तिने हे इतक्या सहज सांगितलं की मला पुढचं विचारावं लागलं. ती म्हणाली, “सासूबाई कोपऱ्याला थांबायच्या अन् कापड फिरवून दोन टाके मागं घ्यायच्या. दोनच. शिवण उसवू नये म्हणून. ह्या आवाजात ते दोन टाके न्हाईत.”

मी तिच्या भिंतीला हात लावला. आतून पाण्याचा पाइप गेला होता. तो अजून थरथरत होता.

शुक्रवारी दुपारी मी अप्पांच्या दारात जाऊन बसलो. बारा वाजता ते उठले, मीटरच्या खोलीत गेले आणि बोअरच्या मोटारीचं बटण दाबलं. बोअर आटून महिना झाला होता. तरी पंधरा दिवसांपासून ते रोज या वेळी मोटार पाच मिनिटं चालवून बघत. एखाद्या दिवशी झरा मोकळा होईल, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. पाणी नव्हतं, नुसती हवा वर ढकलली जात होती. ती पाइपातून धडधडत बाईच्या भिंतीपर्यंत जायची. वर शिवणयंत्र वाजू लागलं.

“बंद करा, अप्पा.”

त्यांनी बंद केली. वरचा आवाज थांबला.

“चालू करा.”

सुरू झाला. तिसऱ्यांदा अप्पांनी स्वतःच बंद केली.

“म्हणजे माझीच तक्रार मी करून राहिलो होतो,” ते म्हणाले. मग त्यांनी फ्यूज काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. “उद्या कमिटी बसवतो.”

शनिवारी कमिटी बसली. आवाजाचा मुद्दा निघाला. गिऱ्हाइकांनी पाणी मागितलं तर काय, हाही निघाला, आणि त्यावर सर्वांत जास्त वेळ गेला. शेवटी संमतिपत्रावर तिघांच्या सह्या झाल्या. त्या रात्री मी उत्तर लिहिलं. एकच मशीन, तीही पायाची. बाहेरचा कारागीर नाही. फलक नाही. गिऱ्हाईक सकाळी दहा ते एक आणि चार ते सात. दोन ते चार मशीन बंद, हे अप्पांनी घालायला लावलं. जागेचा मुख्य वापर राहण्याचाच. मीटरचा दर बदलला तर वाढीव फरक भाडेकरूने भरायचा. परवानगी करारासोबत संपेल आणि तिच्यामुळे दुकानाचा हक्क निर्माण होणार नाही. दोन प्रती काढल्या, एकीवर पोच घ्यायची म्हणून.

रविवारी दुपारी मी दोन्ही प्रती घेऊन खाली गेलो. दाराला कुलूप होतं.

समोरच्या बिऱ्हाडातली बाई म्हणाली, “पहाटेच गेल्या की मायलेकी. एसटीनं. पिशव्या होत्या.”

“परत कधी येणार?”

“काही बोलल्या न्हाईत. तिचं तोंड उतरलं होतं.”

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. मला त्या वेळी माझी मंगळवारची चिठ्ठी आठवली. या भागात ‘विचाराधीन’ या उत्तरानंतर दुसरं उत्तर आलेलं कुणी पाहिलं नव्हतं, आणि हे माझ्याइतकं कुणालाच माहीत असायचं कारण नव्हतं. उद्या सोमवार, कापड वाटायचा दिवस होता. मी कागद हातात धरून कुलपासमोर उभा राहिलो.

आतून आवाज आला.

खटखटखटखट. थांबा. मग खट, खट. दोनच. पुन्हा लांब.

मी भिंतीला हात लावला. पाइप गार होता, हलत नव्हता. खाली पाहिलं तर अप्पा दाराबाहेर खुर्चीवर बसले होते, मान वर करून. त्यांचा हात सदऱ्याच्या खिशावर होता. मी घड्याळ पाहिलं : बारा वाजून दहा मिनिटं. आवाज साधारण तीन मिनिटं चालला. प्रत्येक लांब शिवणीच्या शेवटी ते दोन टाके होते. मी ते मोजत राहिलो. थांबल्यावर एक प्रत दाराच्या फटीतून आत सरकवली आणि वर निघून आलो.

सोमवारी सकाळी आठला इमारतीसमोर जीप थांबली. टपावर दोरांनी बांधलेली काळी पायडलची मशीन होती. खाली उतरून ती पहिलं वाक्य बोलली ते असं : “सर, रागावू नका. तुमचं विचाराधीन वाचलं अन् म्हणलं, आता वाट बघण्यात अर्थ न्हाई. मशीन तरी हाती असू द्यावी. तुम्ही न्हाई म्हणलात तर ह्याच जीपनं माघारी जाते.”

“उत्तर दारात आहे,” मी म्हणालो. “हो आहे.”

तिने कुलूप काढलं. कागद उंबऱ्याच्या आत पडलेला होता. तिने उभ्यानेच सगळ्या अटी वाचल्या, दोन ते चारपाशी मान हलवली आणि माझ्या प्रतीवर पोच म्हणून सही केली. मशीन चौघांनी उचलून आणली आणि खडूच्या ठिपक्यांवर ठेवली. पाय बरोबर बसले.

“इतकी वर्षं बंद होती,” मी म्हणालो. “चालेल?”

“चालती की. काल गावात तेल घालून बघितली. दुपारचे बारा वाजून गेले असतील. सासूबाईंचाच एक जुना परकर होता, त्याच्यावर. पहिल्याच टाक्याला चालली बघा.”

मी कोपऱ्यावरच्या दोन टाक्यांबद्दल विचारलं नाही.

नऊ वाजता ती चिठ्ठी आणि संमतिपत्र घेऊन बाजारात गेली आणि दहा वाजता रिक्षातून कापडाचे तीन गठ्ठे घेऊन आली. जूनपर्यंत तिच्या खिडकीत बाह्या नसलेले पांढरे शर्ट ओळीने टांगलेले असत. मुलगी दहावी इथेच झाली.

रविवारच्या आवाजाला दुसरा दुजोरा हवा होता. त्याच सोमवारी संध्याकाळी मी अप्पांकडे गेलो.

“काल दुपारी काही ऐकलंत?”

“फ्यूज माझ्या खिशात हाय,” ते म्हणाले.

“ते नाही विचारलं.”

अप्पांनी खुर्ची भिंतीपासून थोडी पुढे ओढली. “हे बघा साहेब. तुमच्या त्या कागदात दोन ते चार बंद लिहिलंय ना? त्या वेळात वाजलं तरी त्या बाईला बोलायचं न्हाई. कमिटीला मी सांगतो.”

“का?”

“दोन ते चार ती मुलीला घेऊन टँकरच्या रांगेत असती. मी रोज बघतो.”