जुन्या नोंदी उघडेनात

मी वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत अँड्रॉइड ॲपचं काम करायचे, तेव्हाची गोष्ट. फिट येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांसाठी आमचं ॲप होतं. फिट कधी आली, किती वेळ टिकली, कुठलं औषध चुकलं, हे त्यात लिहायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. आजाराची माहिती, म्हणून आमच्याकडे सर्व्हर नव्हता, बॅकअपही मुद्दाम बंद ठेवलेला. सगळ्या नोंदी त्या-त्या फोनमध्येच.

एका डॉक्टरांनी सुचवलं म्हणून मी नोंदींच्या तक्त्यात एक रकाना वाढवला: आदल्या रात्री किती तास झोप झाली. तक्ता बदलला की डेटाबेसचा व्हर्जन नंबर वाढवावा लागतो. मी तीनाचा चार केला. माझ्या फोनवर ॲप काढून पुन्हा टाकलं, छान चाललं. अपडेट गेलं.

सकाळी दहाला ऑफिसचा फोन वाजायला लागला. ॲप उघडलं की बंद पडत होतं. क्रॅशचा रिपोर्ट बघितला. फोनमध्ये जुना तक्ता तीन नंबरचा, ॲप मागतंय चार, आणि तीनावरून चारवर कसं जायचं हे मी लिहिलेलंच नव्हतं. नव्याने टाकणाऱ्याकडे जुना तक्ताच नसतो, म्हणून माझ्याकडे काही दिसलं नव्हतं. नवशिक्याची चूक, आणि मला सहा वर्षांचा अनुभव.

तोपर्यंत आमचे सर स्वतः फोन घेऊन लोकांना सांगत होते, "ॲप काढा आणि परत टाका, चालू होईल."

"सर, काढलं की नोंदी जातात त्यांच्या."

"क्रॅश होऊन गेल्याच ना?"

"नाही गेल्या. फाईल आहे तशीच आहे, फक्त उघडत नाहीये."

त्यांनी हातातला फोन ठेवला. मग म्हणाले, "ते एका ओळीचं सेटिंग असतं ना, जुना डेटाबेस टाकून नवा बनवायचं? तेच कर. दुपारपर्यंत अपडेट पाठवून दे."

"त्याने पण सगळं पुसलं जातं. तीनावरून चारवर नेणारा कोड लिहावा लागेल."

"मग बस लिहीत," म्हणाले आणि केबिनमध्ये गेले. मला सरांचाही राग येत होता आणि स्वतःचा त्याहून जास्त.

पुढचा फोन मी घेतला. डोंबिवलीची एक आई होती. मुलीच्या दोन वर्षांच्या नोंदी त्यात होत्या, परवा डॉक्टरकडे जायचं होतं. "ताई, मी डिलीट करून बघू का?"

"नका करू. ॲपला हातच लावू नका. मी करते काहीतरी."

मायग्रेशन, म्हणजे जुन्या तक्त्याचा नवा करणारा कोड, लिहिलं. जुन्या तक्त्याला एक रकाना जोडायचा, काम एका ओळीचं. आधी जुनं ॲप टाकलं, त्यात वीस खोट्या नोंदी भरल्या, वरून नवीन चढवलं. पुन्हा क्रॅश. मी रकान्याला लिहिलेलं: रिकामा चालणार नाही, काही नसेल तर शून्य धर. कोडमधला तक्ता मात्र म्हणत होता, रिकामा चालेल. दोन्ही जुळत नव्हतं. कोड बदलून शून्य ठेवणार, एवढ्यात हात थांबला. जुन्या प्रत्येक नोंदीपुढे 'झोप: ० तास' असं दिसलं असतं. डॉक्टरांना वाटलं असतं, ही पोरगी दोन वर्षं झोपलीच नाही. शिवाय सकाळपासून ज्यांनी नव्याने ॲप टाकलं, त्यांच्याकडे तो रकाना रिकामा चालणाराच होता. मग मायग्रेशनमधलं शून्य काढलं. जुन्या नोंदींपुढे 'नोंद नाही' आलं. वीसच्या वीस जागेवर.

संध्याकाळी नवीन अपडेट पाठवलं, ते दुसऱ्या दिवशी दुपारी स्टोअरवर आलं. मी डोंबिवलीतच राहते, फोनवर पत्ता विचारून घरी जाताना त्या बाईंकडे गेले. त्यांनी माझ्यासमोर अपडेट केलं. ॲप उघडलं आणि दोन वर्षांपूर्वीची पहिली नोंद सापडेपर्यंत त्या खाली-खाली सरकवत राहिल्या. मग फोन उलटा ठेवला आणि म्हणाल्या, "चहा टाकते."

मला चहा गोड लागला नाही. सरांचं ऐकून तिघांनी ॲप काढून टाकलं होतं. त्यांना फोन करायचं काम मी मागून घेतलं. कल्याणचे एक आजोबा नातीच्या नोंदी ठेवायचे. मी सांगितलं की त्या आता मिळणार नाहीत, चूक आमची आहे.

त्यांनी विचारलं, "मार्चमधली मोठी फिट किती मिनिटांची होती, तेवढं तरी कुठे असेल का?"

"नाही, काका."

"बरं," म्हणाले, आणि फोन ठेवला.